फोटोवरचा अर्धपारदर्शक वॉटरमार्क उजेडात पण दिसावा आणि अंधारात पण: सारखे येणारे प्रश्न

कोल्हापुरात फोटो काढणारे, लग्नाच्या ऑर्डरी घेणारे, चप्पल नायतर साजाचे फोटो ऑनलाईन टाकणारे लोक मला हेच प्रश्न फिरून फिरून पाठवतात, म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहिली आहेत. आधी साधे प्रश्न आहेत आणि खाली खाली अवघड होत जातात. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथं त्या प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. पांढऱ्या अक्षरात नाव टाकलं, झाडावर छान दिसतंय पण आकाशात गेलं की गायबच होतं. असं का?

कारण अर्धपारदर्शक म्हणजे मागच्या रंगात तुमचा रंग थोडा मिसळणं, बाकी काही नाही. कॉम्प्युटरसाठी प्रत्येक पिक्सेलचा उजेड ० ते २५५ मधला आकडा असतो, ० म्हणजे पूर्ण काळा आणि २५५ म्हणजे पूर्ण पांढरा. ४५ टक्के ओपॅसिटीचं पांढरं अक्षर ठेवलं की मागच्या पिक्सेलचा ५५ टक्के भाग राहतो आणि त्यात पांढऱ्याचा ४५ टक्के, म्हणजे साधारण ११५, जमा होतो. मागं आकाश २३५ असेल तर उत्तर येतं २४४. नऊ आकड्यांचा फरक डोळ्याला कळतच नाही, मोबाईलवर उन्हात बघताना तर नाहीच नाही. तेच मागं २५ असेल तर उत्तर १२९, मग झक्कास दिसतं. काळ्या अक्षरांचं बरोब्बर उलटं होतं, आकाशात उठून दिसतात आणि अंधारात बुडतात. म्हणजे चूक तुमच्या ऍपची नाही, एका रंगाचा वॉटरमार्क कुठंतरी हरणारच.

२. मग मधला राखाडी रंग घेतला तर? दोन्हीकडं चालेल की.

पहिल्यांदा सगळ्यांना हेच सुचतं आणि दोन टोकांना ते चालतं पण. १२८ चा राखाडी ४५ टक्क्यांनी टाकला तर २३५ च्या आकाशात १८७ होतो आणि २५ च्या अंधारात ७१, दोन्हीकडं ठीक दिसतो. पण मागं १२५ असलं की उत्तर १२६, म्हणजे पार पुसलं गेलं. आणि फोटोत मधला उजेडच जास्त असतो हो, सावलीतला रस्ता, तळ्याचं पाणी, तांबडी माती, सावळा चेहरा, सगळं त्याच पट्ट्यात. टोकाला वाचवायला गेलं आणि मधे मेलं, असला प्रकार.

३. मग नेमकं करायचं काय?

एकाच नावात दोन टोन ठेवायचे. अक्षर पांढरं आणि त्याला भोवतीनं बारीक काळी कड, आणि हे दोन्ही मिळून एकदाच अर्धपारदर्शक करायचं (एकदाच का, ते प्रश्न ५ मध्ये आहे).

कोल्हापूरच्या रंकाळा तलावाचा एक फोटो घेऊ, कारण तिथं एकाच चौकटीत सगळं मिळतं. संध्याकाळची वेळ आहे, सूर्याच्या बाजूनं आकाश जळायला आलंय, समजा २३५. पाणी मधलं आहे, १२५. तळ्यातला दगडी संध्यामठ उजेडाच्या आड आल्यामुळं काळपट आहे, २५. नाव अशा जागी टाकलंय की पहिली दोन अक्षरं आकाशात, मधली मठाच्या दगडावर आणि शेवटची पाण्यावर. ओपॅसिटी ४५ टक्के.

आकाशात अक्षराचं पांढरं अंग २४४ होतं, म्हणजे जवळपास आकाशातच विरघळतं, पण काळी कड १२९ वर येते आणि ती स्पष्ट दिसते, त्यामुळं तिथं अक्षर पोकळ दिसतं पण वाचता येतं. मठावर उलटं होतं, काळी कड १४ झाली, तिचा पत्ता नाही, पण अंग १२९ झालं आणि ते उठून दिसतं. पाण्यावर अंग १८४ आणि कड ६९, दोन्ही दिसतात, तिथं तर वॉटरमार्क सगळ्यात छान वाटतो.

आता यातली खरी कामाची गोष्ट बघा. अंगातला आणि कडेतला फरक तिन्ही ठिकाणी काढा: २४४ वजा १२९, १२९ वजा १४, १८४ वजा ६९. तिन्हीकडं ११५! मागं काहीही असो, हा फरक बदलत नाही, कारण मागचा भाग दोघांतही सारखाच मिसळतो आणि वजाबाकीत निघून जातो. उरतं फक्त २५५ गुणिले ओपॅसिटी. म्हणून ही पद्धत नशिबावर चालत नाही, फोटो कुठलाही द्या, अक्षराच्या कडेला तेवढा फरक मिळणारच.

४. ओपॅसिटी किती ठेवू? कुणी ३० म्हणतं, कुणी ५०.

वरचा हिशेब कळला की हे सोपं जातं. ५० टक्क्याला अंग आणि कड यात साधारण १२७ चा फरक, ३० ला ७६, २० ला ५१. सोशल मीडियावर टाकायच्या फोटोच्या कोपऱ्यात लहान नाव असेल तर मी ४० ते ५० ठेवतो, कारण अक्षर लहान आणि वरनं कॉम्प्रेशन बसणार. गिऱ्हाईकाला अल्बम निवडायला पाठवायच्या फोटोवर मधोमध मोठं नाव टाकायचं असेल तर २० ते २५ पुरतं, तिथं अक्षरं मोठी असतात म्हणून फिकट असली तरी वाचता येतात आणि नवरा-नवरीचा चेहरा पण बघता येतो. १५ च्या खाली मात्र जाऊ नका, फरक चाळीसच्या आत येतो आणि साडीच्या जरीत, पानाफुलांत तो हरवतो.

५. काळी कड दिली आणि पांढरं अक्षर ५० टक्के केलं, पण अक्षर मळकट राखाडी दिसतंय. आणि शिरोरेघेवर मधे मधे गडद ठिपके येताहेत. हे काय?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथंच बहुतेकांचं काम बिघडतं आणि कारण कळत नाही.

तुम्ही पारदर्शकता रंगाला दिली आहे, पूर्ण ठशाला, म्हणजे अक्षर आणि कड मिळून झालेल्या नावाला, नाही. म्हणजे काळा अर्धा पारदर्शक, त्याच्यावर पांढरा अर्धा पारदर्शक. मग पांढऱ्या अंगाच्या खालनं काळी छाया दिसते आणि अक्षर मळतं. २५५ च्या एकदम पांढऱ्या भिंतीवर हा प्रकार करून बघा, आधी काळ्यानं भिंत १२७ झाली, त्यावर अर्धा पांढरा म्हणजे १९१. पांढरं अक्षर भिंतीपेक्षा काळं! प्रश्न ३ मधला तो ११५ चा भरवशाचा फरक मग ढासळतो.

शिरोरेघेचा त्रास आपल्यासारख्या वरनं रेघ असलेल्या लिप्यांना आहे, इंग्रजीत लिहिणाऱ्याला तो कधी कळायचाच नाही. देवनागरी फॉन्टमध्ये शेजारच्या दोन अक्षरांच्या रेघा एकमेकींवर किंचित चढवलेल्या असतात, म्हणजे रेघ अखंड दिसते. रंग पूर्ण असेल तर ते कळत नाही, पण काही ऍप प्रत्येक अक्षर वेगळं रंगवतात, मग अर्धपारदर्शक रंग त्या सांध्यावर दोनदा बसतो आणि तिथं गाठ दिसते. आऊटलाईन दिली असेल तर त्या सांध्यावर उभी काळी चीर पण दिसते.

दोन्हीवर इलाज एकच. आधी पारदर्शक पाटीवर, म्हणजे मागं काहीच नसलेल्या लेयरवर, नाव पूर्ण १०० टक्के रंगात तयार करायचं: खाली काळी जाड आकृती, तिच्यावर पूर्ण पांढरं अक्षर. सगळं पक्कं झाल्यावर त्या अख्ख्या लेयरची ओपॅसिटी एका झटक्यात ४५ वर आणायची. पांढऱ्याखालचं काळं आधीच झाकलं गेलेलं असतं, सांधे पण मिटलेले असतात. फोटोशॉपमध्ये टेक्स्टला `Stroke` दिलात तर लेयरचा `Opacity` स्लायडर कमी करा, `Fill` नको. `Fill` फक्त अक्षराचं अंग फिकट करतो आणि स्ट्रोक तसाच कडक राहतो.

६. कड चांगली का शॅडो?

दोन्ही चालतात, पण सारखी नाहीत. कड चारही बाजूनं असते, त्यामुळं एकदम उजळ आकाशात अक्षराचा पूर्ण आकार राहतो. शॅडो एका बाजूला सरकलेली असते, मग आकाशात अक्षराची उजवी आणि खालची बाजू दिसते, डावी बाजू आणि शिरोरेघेचा वरचा काठ उडतो. मोठ्या अक्षराला ते खपून जातं आणि दिसायला नाजूक पण वाटतं, पण लहान अक्षरात मात्रा आणि अनुस्वार ओळखू येत नाहीत. शॅडोच हवी असेल तर सरकवू नका, अंतर शून्य ठेवा आणि ब्लर थोडा द्या, म्हणजे ती चारही बाजूनं मऊ कडेसारखी बसते.

जाडीचं म्हणाल तर फोटो ज्या मापात लोक बघणार त्या मापात कड दोन-तीन पिक्सेलची हवी, आणि अक्षराची दांडी तिच्या तिप्पट तरी हवी. कड जास्त जाड झाली की अनुस्वाराचा टिंब आणि ‘ष’, ‘क्ष’ मधली पोकळी भरून जाते, म्हणून फॉन्ट सेमीबोल्ड घ्या. कॅलिग्राफीचे बारीक-जाड फॉन्ट दिसायला सुंदर पण या कामाला नको, त्यांच्या बारीक रेघा पहिल्यांदा मरतात.

७. कॉम्प्युटरवर लई भारी दिसतंय, व्हॉट्सॲपवर पाठवलं की कड गायब. काय करू?

तुम्ही मूळ मोठ्या फोटोवर वॉटरमार्क टाकला आणि मग तो लहान झाला. कॅमेऱ्याचा ६००० पिक्सेल रुंद फोटो व्हॉट्सॲपनं साध्या क्वालिटीत साधारण १६०० वर आणला, तर दोन पिक्सेलची कड अर्ध्या पिक्सेलची झाली, म्हणजे ती शेजारच्या रंगात मिसळून गेली. कड गेली की परत एका रंगाचा वॉटरमार्क उरला आणि तुम्ही प्रश्न १ वर परत आलात.

म्हणून क्रम पाळा: आधी एडिटिंग, मग फोटो लहान करा (मी लांब बाजू २०४८ ठेवतो), आणि वॉटरमार्क सगळ्यात शेवटी. २०४८ वर तीन पिक्सेलची कड असेल तर १६०० ला ती दोनच्या थोडी वर राहते, चालतंय. वॉटरमार्क न टाकलेली मूळ फाईल वेगळी जपून ठेवा हे सांगायला नको, पण सांगतो, कारण छापायला तीच लागते.

८. मी सगळं मोबाईलवरच करतो. मला जमेल का?

जमेल. फोटोवर थेट नाव टाईप करायच्या ऐवजी एकदाच ठसा तयार करायचा. ज्या ऍपमध्ये टेक्स्टला आऊटलाईन देता येते आणि मागची पाटी पारदर्शक ठेवता येते असलं कुठलंही घ्या, पांढरं अक्षर, काळी आऊटलाईन, ओपॅसिटी पूर्ण १०० ठेवून PNG मध्ये सेव्ह करा. JPG मध्ये केलं तर पारदर्शकपणा राहत नाही आणि नावामागं पांढरा किंवा काळा चौकोन येतो, ‘चौकोन येतोय’ म्हणून जे मेसेज येतात ते सगळे हेच. मग प्रत्येक फोटोवर ती PNG चित्र म्हणून जोडायची आणि तिथं ओपॅसिटी ४५ करायची. प्रश्न ५ चा नियम आपोआप पाळला जातो, कारण पारदर्शकता अख्ख्या चित्राला लागते.

ठसा बनवताना मोठा बनवा, दीड-दोन हजार पिक्सेल रुंद, लहान ठसा ताणून मोठा केला की कड धुरकट होते.

९. लाईटरूममध्ये वॉटरमार्कची सोय आहे ना, तीच वापरली तर?

वापरा, पण लाईटरूम क्लासिकच्या टेक्स्ट वॉटरमार्कला फक्त शॅडो मिळते, कड मिळत नाही. म्हणून तिथं टेक्स्टऐवजी `Graphic` निवडून प्रश्न ८ मधली PNG द्या आणि ओपॅसिटी तिथल्या स्लायडरनं ठेवा. एक्स्पोर्ट करताना माप लहान करत असाल तर वॉटरमार्क नंतर बसतो, त्यामुळं क्रमाची काळजी नाही.

१०. लग्नाचे शेकडो फोटो असतात, एकेक करत बसायला वेळ नाही. एकदम सगळ्यांवर कसा टाकायचा?

इमेजमॅजिक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, टाईप करून चालवायचं. आधी ठसा, लिनक्स किंवा मॅकवर, मुक्ता फॉन्टची फाईल त्याच फोल्डरात ठेवून:

```
magick -size 1200x200 xc:none -gravity center \
  -font Mukta-SemiBold.ttf -pointsize 64 \
  -fill black -stroke black -strokewidth 6 -annotate 0 'तुमचं नाव' \
  -fill white -stroke none -annotate 0 'तुमचं नाव' \
  -trim +repage -channel A -evaluate multiply 0.45 +channel thasa.png
```

यात स्ट्रोक ६ आहे पण तो अक्षराच्या काठावर मधोमध बसतो, अर्धा आत अर्धा बाहेर. आतला भाग नंतरच्या पांढऱ्यानं झाकला जातो, बाहेर तीन पिक्सेल उरतात. शेवटच्या ओळीत अख्ख्या ठशाची पारदर्शकता एकदाच ०.४५ नं गुणली आहे. मग सगळे फोटो, लिनक्स किंवा मॅकवर:

```
mkdir -p out
for f in *.jpg; do
  magick "$f" -auto-orient -resize '2048x2048>' thasa.png \
    -gravity southeast -geometry +60+60 -composite \
    -quality 88 "out/$f"
done
```

`-auto-orient` काढू नका. मोबाईलचे उभे फोटो आतनं आडवेच साठवलेले असतात आणि ‘फिरवून दाखव’ अशी खूण सोबत असते, ती आधी पाळली नाही तर नाव भलत्याच बाजूला उभं बसतं.

आणि नावातली वेलांटी चुकीच्या जागी दिसली किंवा जोडाक्षर फुटलं तर तुमच्या इमेजमॅजिकमध्ये राक्म ही लायब्ररी जोडलेली नाही. `magick -version` टाईप करा, `Delegates` च्या ओळीत `raqm` दिसायला हवं. नसेल तर डोकं धरून बसू नका, फक्त ठसा मोबाईलवर किंवा दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये करा. तो १०० टक्क्याचा असेल तर `-evaluate` चा भाग त्यावर एकदा चालवून घ्या, फोटोवर हवा तेवढ्या मापाचा करून `thasa.png` नावानं ठेवा, मग दुसरी कमांड तशीच चालते.

११. काळा-पांढरा नको वाटतो. आमच्या लोगोचा रंग भगवा आहे, तोच वापरला तर?

अंगाला भगवा चालेल, पण कड मग काळीच ठेवा. डोळा अक्षर वाचतो ते मुख्यतः उजेडाच्या फरकावर. नेहमीच्या झेंड्याच्या भगव्याचा उजेड साधारण १७२ भरतो, म्हणजे काळ्या कडेशी त्याचा फरक पांढऱ्यापेक्षा कमी, ४५ टक्के ओपॅसिटीला ११५ च्या जागी ७७. म्हणून ओपॅसिटी ६० च्या आसपास न्यावी लागते. लाल अंग आणि काळी कड तर घेऊच नका, शुद्ध लालचा उजेड ७६ च आहे, अंधारात दोघं एकत्र बुडतात.

आणखी एक अडचण आहे. JPG साठवताना बहुतेक वेळा उजेड पूर्ण बारकाईनं ठेवला जातो पण रंगाची माहिती आडव्या-उभ्या दोन्ही दिशेनं निम्मी केली जाते. त्यामुळं फक्त रंगाच्या फरकावर उभी असलेली बारीक अक्षरं कडेनं पसरतात, काळ्या-पांढऱ्याला हा त्रास होत नाही.

१२. ब्लेंड मोड `Difference` ठेवला की आपोआप उलटा रंग होतो म्हणे. मग कडेची भानगड कशाला?

उलटा होतो खरा, पण मधल्या उजेडाचं उलटं पण मधलंच असतं. १२८ चं उलटं १२७. पाण्यावर नाव नाहीसं. आणि त्यावर ओपॅसिटी ५० केली तर अजून गंमतशीर उत्तर येतं, मागं काहीही असलं तरी अक्षर १२७ च होतं, म्हणजे तुम्ही फिरून प्रश्न २ मधल्या राखाडीवरच आलात, तो पण पूर्ण अपारदर्शक.

`Overlay` आणि `Soft Light` ची गोष्ट उलटी. ते मधल्या उजेडात छान दिसतात पण एकदम काळ्यावर आणि एकदम पांढऱ्यावर काहीच बदल करत नाहीत. जळालेलं आकाश आणि मिट्ट अंधार, जिथं आपल्याला गरज तिथंच ते सोडून देतात. मोड `Normal` ठेवा.

१३. कोपरा उजळ असेल तर काळं नाव, गडद असेल तर पांढरं, असं फोटो बघून बदललं तर?

कोपरा एकसारखा असेल तर दिसायला हे सगळ्यात स्वच्छ, मी पण मोजके फोटो असले की करतो. पण रंकाळ्याच्या त्या फोटोत उजेड-अंधाराची सीमारेषा तुमच्या नावाच्या मधनंच जाते, तिथं कुठलाही एक रंग निवडा, अर्धं नाव जाणार. सरासरी उजेड मोजून आपोआप निवडणारी सेटिंग पण इथंच फसते, अर्धं पांढरं अर्धं काळं असलं की सरासरी मधली येते.

१४. जोतिबाच्या यात्रेचे फोटो आहेत, सगळीकडं गुलाल, माणसं, सासनकाठ्या. कड असून पण नाव वाचता येत नाही.

इथं उजेडाचा प्रश्नच नाही, बारकाव्याचा आहे. कडेचा फरक ११५ आहेच, पण मागं डोकी, फेटे, काठ्यांची कापडं, उडालेला गुलाल, यांच्या पण कडा तेवढ्याच तीव्र आहेत आणि अक्षराच्या दांडीइतक्याच जाडीच्या. डोळ्याला कुठली रेघ अक्षराची आणि कुठली गर्दीची ते वेगळं करता येत नाही. ओपॅसिटी वाढवून फारसं साधत नाही, नाव फक्त ठळक होतं आणि फोटो खराब दिसतो.

अक्षर मोठं करा, दांडी मागच्या डोक्यांपेक्षा जाड दिसली पाहिजे. नायतर कडेच्या बाहेर पंधरा-वीस पिक्सेल ब्लरची मऊ काळी सावली द्या, ती मागचा गोंधळ थोडा दाबते. आणि सगळ्यात सोपं, जागा बदला. गुलालानं भरलेल्या हवेचा पट्टा बऱ्याचदा सपाट गुलाबी असतो, उजेड साधारण मधला, तिथं अंग आणि कड दोन्ही दिसतात.

१५. चपलांचे फोटो पांढऱ्या बॅकग्राऊंडवर काढतो. तिथं पांढरं अक्षर पोकळच दिसतं, बरं वाटत नाही.

मग उलटा ठसा करा, काळं अंग आणि पांढरी कड. कडेचा फरक तेवढाच राहतो, फक्त बहुतेक जागेवर भरीव काळं अंग दिसतं, आणि नाव चपलेच्या गडद चामड्यावर गेलं की पांढरी कड ते धरून ठेवते. ज्याचे बहुतेक फोटो उजळ त्यानं काळं अंग, ज्याचे बहुतेक गडद त्यानं पांढरं, एवढंच. आणि चपलेच्या वेणीवर, गोंड्यावर नाव टाकू नका, गिऱ्हाईक तेच बघायला आलेलं असतं. पट्ट्यावर थोडं आणि पांढऱ्यावर थोडं असं जाऊ द्या.

१६. कोपऱ्यात टाकला तर लोक कापून वापरतात. मधे टाकला तर फोटो खराब.

दोन्ही खरं आहे. इन्स्टाग्रामवर प्रोफाईलच्या चौकटीत फोटो कडेनं कापून दिसतो, त्यामुळं अगदी काठाला चिकटवलेलं नाव तसंही जातं. मी मुख्य विषयाच्या कडेला टाकतो, म्हणजे नाव कापायचं तर विषय पण कापावा लागेल. रंकाळ्याच्या फोटोत मठाच्या पायाशी, लग्नाच्या फोटोत शालूच्या काठाजवळ. चेहऱ्यावर कधीच नको.

१७. एवढं करून कुणी मिटवलाच तर?

मिटवता येतो. सपाट आकाशातला तर मोबाईलवर पण जातो, म्हणून बारकावे असलेल्या जागेवर टाकलेला जास्त टिकतो (पण प्रश्न १४ लक्षात ठेवून). २०१७ साली गुगलच्याच संशोधकांनी दाखवलं होतं की एकाच ठशाचे पुष्कळ फोटो हाताशी असले तर ठसा गणितानं वेगळा काढून सगळ्यांवरनं वजा करता येतो, आणि नुसती जागा बदलल्यानं तो फार वाचत नाही. प्रत्येक फोटोवर ठशाचा आकार किंचित वाकवला तर मात्र काढल्यावर डाग राहतात. ज्याला एवढी काळजी आहे त्यानं लहान मापाचेच फोटो टाकावेत, मूळ मोठी फाईल तुमच्याकडं असणं हाच भक्कम पुरावा.

१८. ठसा बरोबर झालाय का हे सगळे फोटो न बघता कसं तपासू?

एक पट्टी करा, डावीकडं पूर्ण काळी आणि उजवीकडं पूर्ण पांढरी, मधे हळूहळू बदलत जाणारी:

```
magick -size 400x2048 gradient:white-black -rotate 90 patti.png
```

त्यावर तुमचा ठसा त्याच ओपॅसिटीनं डावीकडनं उजवीकडं चार-पाच वेळा शेजारी शेजारी ठेवा. मग ती व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा आणि मोबाईलचा ब्राईटनेस निम्मा करून, पट्टी स्क्रीनमध्ये पूर्ण मावेल अशी बघा. डावीकडचं नाव वाचता येत नसेल तर अंग बारीक आहे, फॉन्ट जाड करा. उजवीकडचं नसेल तर कड बारीक आहे. दोन्ही टोकं चांगली आणि मधलंच गेलं असेल तर कड मुळात लागलीच नाही, ठसा राखाडी झालाय, प्रश्न ५ परत बघा. आणि सगळीकडं सारखाच फिकट असेल तर फक्त ओपॅसिटी पाच-दहानं वाढवा.

पट्टीवर पास झालेला ठसा फोटोत कुठंतरी वाचता आला नाही, तर तिथं उजेड कारण नसतो, गर्दी कारण असते, तिथं जागाच बदलायची.